न लिहिलेलं ‘ही’

वाक्य साडेपाच सेकंदांचं होतं आणि चित्र सहा सेकंदांचं. इतकी नेमकी जोडी त्या संपूर्ण फिल्ममध्ये दुसरी नव्हती. चित्रात कोळीनृत्याच्या वेशातली एक मुलगी विंगेत उभी आहे. हातात टोपली आहे. पडदा बोटभर सरकवून ती प्रेक्षकांकडे पाहते, कुणाला तरी शोधल्यासारखी नजर फिरवते आणि परत मागे वळते. त्यावर बाईंच्या आवाजात वाक्य येतं: ‘आईवडील ऊसतोडीला गेलेली मुलंही इथे मागे राहून शिकतात, नाचतात, बक्षिसं मिळवतात.’

ही जोडी मी जमवली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्याच घशात आवंढा आला. ऑफिसमधल्या दोन मित्रांना दाखवली, त्यांनाही भरून आलं. मग मी ती बाईंना पाठवली. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. “अगं, हिचे वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं बसस्टँडजवळ कापडाचं दुकान आहे. ती नाचाच्या मॅडमना शोधतेय, गाणं सुरू झालं की कधी शिरायचं ते विचारायला.”

मी म्हणाले, “पण बाई, वाक्यात तिचं नाव कुठे आहे?”

त्या म्हणाल्या, “तिचा चेहरा आहे ना.”

हा लेख त्या एका उत्तराबद्दल आहे.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाने ते एका कॅमेऱ्यात टिपलं. जवळजवळ तीन तासांचं चित्रण होतं, आणि त्यातलं बरंचसं सभागृहाच्या मागच्या बाजूला तिकाटण्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून झालेलं. शिवाय शिक्षकांच्या फोनवरचे काही तुकडे होते. त्यातून नऊ मिनिटांची फिल्म करायची होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, फावल्या वेळात थोडंफार एडिटिंग करते, आणि त्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे. त्यामुळे काम माझ्याकडे आलं. निवेदन आमच्या मराठीच्या बाईंनी लिहिलं. त्या आता निवृत्त आहेत. त्यांनी चित्रण न पाहता, त्या दिवशी जे घडलं ते आठवून ६१ वाक्यं लिहिली. छान लिहिली होती. अडचण इतकीच, की त्यांना आठवलेला दिवस आणि कॅमेऱ्यात आलेला दिवस हे दोन वेगळे दिवस होते.

चित्रण बदलता येत नाही. “हवं तर एक नाच पुन्हा करून घेऊ, शूट करा,” असं शाळेतून एकदा सुचवलं गेलं होतं, पण ते मी आणि बाईंनी लगेच बाजूला ठेवलं. म्हणजे वाक्यंच बदलायची. शनिवार-रविवारी रात्री फोनवर आम्ही ते काम करत होतो, एका वेळी एक वाक्य.

पद्धत साधी होती. मी एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात वाक्य. दुसऱ्यात ते वाचायला लागणारा वेळ. बाईंच्या संथ आवाजात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, हे मी त्यांच्याकडून काही परिच्छेद वाचून घेऊन मोजलं होतं. तिसऱ्यात चित्राचा तुकडा कुठून कुठपर्यंत, आणि चौथ्यात आवाज बंद करून पाहिलं तर त्या तुकड्यात खरोखर काय दिसतं. चौथा रकाना भरताना शिस्त लागते. ‘मुलं आनंदात आहेत’ असं लिहायचं नाही. ‘पाच मुलं, दोघं हसतात, एक कॅमेऱ्याकडे बघतो’ असं लिहायचं. चित्राला आपण आधीच अर्थ देऊन बसलो, तर वाक्य त्या अर्थाशी जुळतं, चित्राशी नाही.

सुरुवातीचे दोन आठवडे मला वाटत होतं, प्रश्न फक्त लांबीचा आहे. वाक्य सात सेकंदांचं, तुकडा चार सेकंदांचा, तर तीन सेकंद छाटा. पण काय छाटायचं, इथेच गोष्ट सुरू होते. बाईंचं एक वाक्य होतं: ‘यंदा पहिल्यांदाच आमच्या काही मुलींनी मल्लखांबाची प्रात्यक्षिकं अतिशय आत्मविश्वासाने आणि सुंदर रीतीने सादर केली.’ चौदा शब्द, सात सेकंद. चित्र चार सेकंदांचं. मी ते असं केलं: ‘मुलींनी आत्मविश्वासाने मल्लखांबाची सुंदर प्रात्यक्षिकं सादर केली.’ सात शब्द, बरोबर बसलं. वाचायलाही गोड.

बाईंनी विचारलं, “‘यंदा पहिल्यांदाच’ कुठे गेलं? आणि ‘काही’?”

ते मी काढून टाकलं होतं, कारण ते शब्द दिसायला किरकोळ होते. नंतर मी माझी आधीची सगळी छाटणी तपासली आणि लक्षात आलं की प्रत्येक वेळी तेच घडलं होतं. ‘काही’, ‘बहुतेक’, ‘यंदा’, ‘जवळजवळ’ हे शब्द मी सर्वांत आधी उडवत होते आणि ‘सुंदर’, ‘उत्साहाने’, ‘जल्लोषात’ हे शब्द सांभाळत होते. वास्तविक उलट करायला हवं. मुलगी मल्लखांबावर उलटी लटकून हात सोडते तेव्हा ते सुंदर आहे की नाही हे प्रेक्षक स्वतः बघतोय. पण हे या शाळेत पहिल्यांदाच घडलं, आणि सगळ्या नव्हे तर चारच मुलींनी केलं, हे चित्रात दिसू शकत नाही. तेवढंच सांगायला निवेदन लागतं. शेवटी वाक्य झालं: ‘यंदा पहिल्यांदाच चार मुली मल्लखांबावर चढल्या.’ सहा शब्द, तीन सेकंद, आणि एक सेकंद टाळ्यांसाठी शिल्लक.

‘काही’ उडवलं की वाक्य खोटं होतं, हे निदान कागदावर दिसतं. वाक्य एकटं वाचलं तरी पकडता येतं. विंगेतल्या मुलीचं तसं नव्हतं. तिथे वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आईवडील ऊसतोडीला गेलेली मुलं शाळेत आहेत, शिकतात, नाचतात, बक्षिसंही मिळवतात. चित्रही खरं होतं, त्याच दिवशीचं, त्याच मंचाजवळचं, काहीही न बदललेलं. तरी दोन्ही मिळून जे सांगत होते ते खोटं होतं: ही मुलगी त्यांच्यापैकी आहे, आणि ती न आलेल्या आईला शोधतेय.

माझ्या नोकरीत हा प्रकार ओळखीचा आहे. दोन भाग वेगवेगळे तपासले तर दोन्ही पास होतात, आणि एकमेकांना जोडले की बिघडतात. अशा वेळी “माझा भाग बरोबर आहे” असं म्हणून कुणी सुटत नाही. जोडणी ज्याने केली, चूक त्याची. पण निवेदनाच्या बाबतीत मी हेच म्हणत सुटायला बघत होते. मी तसं म्हटलंच नाही, प्रेक्षकाने तसा अर्थ लावला, त्याला मी काय करू?

शाळेत दर्शक सर्वनामं शिकवतात: हा, ही, हे, तो, ती, ते. जवळची वस्तू दाखवायला ‘हा’, लांबची दाखवायला ‘तो’. त्या फोननंतर मला उमगलं की निवेदनाखालचं चित्र म्हणजे वाक्यात न लिहिलेलं ‘ही’ असतं. बाईंनी कागदावर लिहिलं होतं ‘मुलं’. मी त्याखाली एक चेहरा ठेवला आणि ते झालं ‘ही मुलगी’. बोट मी दाखवलं, आणि ते कोणत्याच रकान्यात नोंदलं गेलं नाही. म्हणून तक्त्यात पाचवा रकाना आला: वाक्य आणि चित्र एकत्र पाहिल्यावर, जे दोघांपैकी कुणीच एकट्याने म्हणत नाही, असं काय ऐकू येतं?

हा रकाना स्वतःचा स्वतः भरता येत नाही. ज्याने जोडी जमवली त्याला आपला हेतू माहीत असतो, त्यामुळे त्याला तेवढंच ऐकू येतं. मी तुकडा अशा माणसाला दाखवायचे ज्याला शाळेची काही माहिती नाही, आणि एकच प्रश्न विचारायचे: “तुला यातून काय कळलं?” विंगेतल्या तुकड्याला माझा मित्र म्हणाला होता, “त्या मुलीचे आईवडील आले नाहीत.” तेव्हा ते मला कौतुक वाटलं होतं. ते उत्तर म्हणजे चूक सापडल्याची खूण होती.

ख्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५७ सालच्या ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ या माहितीपटात एक प्रसिद्ध जागा आहे. याकुत्स्क शहरातला रस्ता, एक बस, एक मोटार, रस्ता सपाट करणारे कामगार, कॅमेऱ्यासमोरून जाणारा एक माणूस. हीच दृश्यं मार्कर लागोपाठ तीनदा दाखवतो आणि दर वेळी वेगळं निवेदन ऐकवतो. एकदा सोव्हिएत व्यवस्थेचं गुणगान, एकदा तिची निंदा, आणि एकदा तटस्थ वर्णन. तेच कामगार एकदा सुखी दिसतात, एकदा पिचलेले. मी हे पूर्वी पाहिलं होतं आणि त्यातून धडा घेतला होता की तिसऱ्या निवेदनासारखं लिहावं, म्हणजे तटस्थ. पण मार्कर तिसऱ्यालाही सोडत नाही. तटस्थ वाक्यही वास्तवाचा एक तुकडा उचलून बाजूला काढतं, आणि तेवढ्याने तो तुकडा बदलतो, असं त्याचं म्हणणं आहे. माझं वाक्य तटस्थच तर होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

मग सरळ उपाय सुचला: खरी मुलं शोधायची. बाईंना माहीत होतं, स्नेहसंमेलनात नाचलेल्यांपैकी तिघांचे आईवडील तेव्हा तोडीवर होते. आमच्याकडून टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलात परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे मध्येच स्नेहसंमेलनाला येणं जमण्यातलं नसतं. मुलं आजीकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्या तिघांपैकी एका मुलीचा लेझीम खेळतानाचा चांगला तुकडा माझ्याकडे होता. तो त्या वाक्याखाली ठेवला की चित्र खरं, वाक्य खरं, जोडणीही खरी.

मी तो ठेवला, आणि मला तो पहिल्यापेक्षा वाईट वाटला. दुकानदाराच्या मुलीला फार तर चारचौघं चिडवतील, चूक आहे हे तिला सांगता येईल. या मुलीला काहीच सांगता येणार नव्हतं. नऊ मिनिटांची फिल्म गावभरच्या फोनवर जाणार, ती पाचेक वर्षांनी कॉलेजात गेली तरी कुणाच्या तरी फोनवर असणार, आणि बाकी सगळ्या मुली ‘मल्लखांब करणारी’, ‘गाणं म्हणणारी’ असताना ती तेवढी ‘ऊसतोडवाल्यांची’ म्हणून त्यात राहणार. ती लेझीम उत्तम खेळते. वाक्य तिच्या लेझीमबद्दल नव्हतंच.

म्हणून मी म्हणाले, वाक्यच काढून टाकू. ६१ वाक्यांमधली पंधराएक तोपर्यंत गेलीच होती, हे आणखी एक.

बाई चिडल्या. बारा वर्षांपूर्वी वर्गात चिडायच्या तशा. “लपवायला ती काय चोरी आहे का?” मग जरा थांबून त्यांनी जे सांगितलं ते मला आजही खोडता येत नाही. त्यांचं म्हणणं असं: कॅमेरा फक्त आलेल्यांना टिपतो. सभागृह भरलेलं दिसतं, पालक टाळ्या वाजवताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, सगळे आले होते. जे आले नाहीत त्यांचं चित्रण असणारच नाही. चित्रात नाही म्हणून वाक्यातूनही काढलं, तर ते त्या दिवसातूनच गेले. “तू चित्राला बसेल तेच वाक्य ठेवत गेलीस तर शेवटी कॅमेरावाल्याने जिथे तिकाटणं ठेवलं तेवढीच आपली शाळा उरेल.”

म्हणजे तीन वाटा होत्या आणि तिन्ही बंद. चुकीचा चेहरा दाखवणं खोटं. बरोबर चेहरा दाखवणं खरं, पण त्या मुलीवर अन्याय. काहीच न म्हणणं सभ्य, पण तेही एक प्रकारचं खोटंच. मला तोवर वाटायचं की निवेदकाचं कर्तव्य एकच, खरं सांगणं. इथे खरं सांगूनही चुकत होतं, कारण खरं कुणाच्या तरी चेहऱ्यावर चिकटवून सांगितलं जात होतं. सभागृहाचं लांबून घेतलेलं दृश्य वापरून पाहिलं, म्हणजे बोट कुणाकडेच जाणार नाही. पण त्या दृश्यात टाळ्या वाजवणारे पालक होते. त्यावर ‘ज्यांचे आईवडील आज इथे नाहीत’ असं म्हटलं की प्रेक्षक त्या टाळ्यांमध्ये पोकळी शोधायला लागतो. रिकाम्या खुर्च्यांचाही एक तुकडा होता, पण तो कार्यक्रम संपल्यानंतरचा. तो तिथे लावणं म्हणजे पुन्हा विंगेतल्या मुलीसारखंच.

सुटका एका वाईट तुकड्यातून झाली. फोनवरच्या चित्रणात लेझीमचा एक भाग होता, हलणारा, खूप जवळून घेतलेला, आवाज फाटलेला. तक्त्यात मी त्यापुढे ‘निरुपयोगी’ असं लिहून ठेवलं होतं. बाईंना विचारलं, हे कुणी घेतलं? त्या म्हणाल्या, “नववीच्या मॅडमनी. तोडीवर गेलेल्या आईबापांना पाठवायला. दरवर्षी पाठवतात त्या.”

तुकडा अकरा सेकंदांचा वापरता येत होता. त्याच्या सुरुवातीला फोन एका मुलावर खिळलेला आहे, तो भाग आम्ही काढला, आणि जिथे पूर्ण रांग दिसते तिथून घेतलं. वाक्य असं झालं: ‘हे चित्रण फोनवरचं आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना पाठवण्यासाठी एका शिक्षिकेने ते केलं.’ बारा शब्द, सहा सेकंद. उरलेले पाच सेकंद नुसती लेझीम.

संपूर्ण निवेदनात ‘हे’ असं बोट दाखवणारं हे एकच वाक्य राहिलं, आणि ते बोट कोणत्याही मुलाकडे जात नाही, चित्रणाकडे जातं. न आलेले लोक आता फिल्ममध्ये आहेत, जिथे ते खरोखर होते तिथे, म्हणजे फोनच्या पलीकडे. आणि हलणारं, फाटक्या आवाजाचं चित्र आता निकृष्ट वाटत नाही, कारण ते कुणासाठी काढलं होतं हे प्रेक्षकाला कळतं.

तरी बाईंनी त्या तिघांना विचारलं. मुलं हो म्हणाली तर पालकांनाही फोन करायचं ठरलं होतं. दोघं लगेच हो म्हणाली. एक मुलगी आधी नको म्हणाली. का, ते बाईंनी विचारलं नाही, फक्त तुकडा दाखवला. तिने तो दोनदा पाहिला आणि विचारलं, “यात माझं नाव नाही ना?” नाही म्हटल्यावर म्हणाली, मग चालेल. मी तक्त्यात जो पाचवा रकाना घालायला इतके दिवस लावले, तो तिने एका प्रश्नात भरला होता.

हा तोडगा निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. गावातल्या लोकांना कोण कुणाचं हे माहीतच आहे. त्यांना त्या रांगेत ती तिघं दिसतीलच. फोनवरचा तो तुकडा नसता तर आम्ही काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित काळ्या पडद्यावर वाक्य ठेवलं असतं. आणि ‘तू चित्राला बसेल तेच ठेवत गेलीस तर’ हे बाईंचं वाक्य उरलेल्या ४४ वाक्यांनाही लागू आहे. त्यांतली किती मी केवळ बसली म्हणून ठेवली, हे मला पूर्ण सांगता येणार नाही.

विंगेतल्या मुलीचा तुकडा फिल्ममध्ये आहे. त्याखाली आता निवेदन नाही. ती पडदा सरकवते, बघते, मागे वळते, आणि पुढच्या क्षणी गाणं सुरू होतं. तिच्या मॅडम तिला सापडल्या होत्या.